तिसरी हाक

जानकीबाईंना हळू बोलता येत नाही, हे त्यांच्या पोटच्या मुलीला कळलं ते त्यांना माइकसमोर उभं केल्यावर. तोवर रंजिताची समजूत अशी की आईचा आवाजच तसा. समजूत तरी कसली, तिने त्याचा कधी विचारच केला नव्हता. स्वतःच्या घराच्या भिंतीचा रंग कोणता असं कुणी एकदम विचारलं तर माणूस अडखळतो ना, तसं आईच्या आवाजाचं झालं होतं.

आणि रंजिताचं पोट आवाजावरच चालायचं, ही त्यातली गंमत. मुंबईतल्या डबिंगच्या स्टुडिओंत उमेदीची वर्षं घालवून ती भंडाऱ्याला परतली होती. बाजारओळीत एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर तिने आपला छोटा स्टुडिओ थाटला होता. खाली पितळी हंडे आणि वर माइक. अशी जागा घेताना तुमची अक्कल कुठे चरायला गेली होती, असं तिचा रेकॉर्डिस्ट संघपाल तिला अजून विचारायचा. खाली एखाद्या गिऱ्हाइकाने घागर वाजवून पाहिली की वरचा टेक बाद. संघपाल कारध्याचा, वैनगंगेचा पूल ओलांडून रोज यायचा. कामाला वाघ आणि बोलायला सडेतोड, त्यामुळे रंजिताचं त्याच्याशी जमायचं.

एरवी त्यांच्याकडे साड्यांचे सेल, शिकवणी वर्ग आणि निवडणूक आली की प्रचार, असली कामं. भोंग्यावर वाजणाऱ्या आवाजात नजाकत कोण बघतो? पण मुंबईची जुनी मैत्रीण मनाली एका जाहिरात संस्थेत मोठ्या जागेवर जाऊन बसली होती. तिने एक वेगळंच काम पाठवलं. कानात घालायचं ऐकण्याचं यंत्र बनवणारी एक कंपनी होती. तिची अर्ध्या मिनिटाची फिल्म हिंदीत तयार होती, ती मराठी, तेलुगू, ओडिया आणि छत्तीसगढीत करून हवी होती. मराठीही पुस्तकी नको, विदर्भातली हवी. आवाज रेकॉर्डिंगवाल्या बायकांचे नकोत, खऱ्या घरातल्या वयस्क बायकांचे हवेत, ही अट. मनालीला ठाऊक होतं की भंडाऱ्याजवळ वरठीला पोलादाचा कारखाना आहे आणि तिथल्या वसाहतीत आंध्रापासून ओडिशापर्यंतची कुटुंबं नांदतात. मुंबईत ज्या बायका शोधायला आठवडा लागला असता त्या रंजिताला मोटारसायकलच्या टप्प्यात होत्या.

फिल्म मोठी गोड होती. म्हातारा ओसरीवर खुर्चीत बसलेला. आतून बायको हाक मारते, "रमेश, चाय ठंडी हो रही है!" त्याला पत्ता नाही. मग ती दारात येऊन पुन्हा ओरडते, "रमेश!" तरी नाही. मग यंत्र दिसतं, म्हाताऱ्याच्या कानात बसतं. शेवटी बायको त्याच्या मागे उभी आहे, तिचा चेहरा पडदाभर, आणि ती अगदी हळू, जवळजवळ स्वतःशीच म्हणते, "रमेश, आज अच्छे लग रहे हो." म्हातारा वळतो आणि हसून म्हणतो, "सुन लिया." तीन हाका आणि एक उत्तर. जाहिरातीचा सगळा जीव त्या तिसऱ्या हाकेत.

काम सुरू झालं आणि पहिल्या शब्दालाच गाडं अडलं. रमेश. वरठीहून आलेल्या तेलुगू काकूंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि हसायलाच लागल्या. नवऱ्याला कुणी नावाने हाक मारतं का? त्यांच्या घरात "एमंडी" म्हणतात, म्हणजे अहो. ओडिया वहिनी म्हणाल्या, आमच्यात नुसतं "शुणुछ", म्हणजे ऐकता का, म्हटलं की घरधनी समजतो. छत्तीसगढहून वीटभट्टीवर आलेल्या आणि इथेच राहून गेलेल्या रत्नाबाईंनी तर तो कागद बाजूलाच सारला. त्या नवऱ्याला "नोनी के ददा" म्हणायच्या, म्हणजे पोरीचे बाबा, आणि आता त्या पोरीला पोरं झाली तरी तेच म्हणत होत्या. रमेश म्हणायचं असेल तर दुसरी बाई बघा, असं त्यांनी शांतपणे सांगून टाकलं.

मनालीने फोनवर कुरकुर केली. क्लायंटला प्रत्येक भाषेतलं वाक्य पुन्हा हिंदीत उलटवून लिहून द्यावं लागतं, त्यात 'रमेश'च्या जागी 'पोरीचे बाबा' आलं तर तिकडचे लोक म्हणणार, अर्थ बदलला. रंजिता म्हणाली की अर्थ आहे तो एवढाच, बायको आपल्या माणसाला बोलावते आहे. त्या वयाची बाई मोठ्याने नवऱ्याचं नाव घेऊ लागली तर ऐकणारा यंत्र विसरेल आणि बाईच लक्षात ठेवेल. मनाली काही मूर्ख नव्हती. तिने ते तसंच पुढे समजावलं आणि तिकडून हो आलं.

पण ओठ कुणाचं ऐकत नाहीत. पहिल्या हाकेला बाई पाठमोरी, तिथे काहीही खपून जातं, फक्त कपाची किणकिण येण्याआधी वाक्य संपलं पाहिजे. किणकिण आणि संगीत वेगळ्या ट्रॅकवर आलेलं होतं, त्याला हात लावायचा नव्हता. तिसऱ्या हाकेला मात्र चेहरा पडदाभर. 'रमेश'मधल्या म ला पडद्यावरचे ओठ मिटतात, तिथे मिटणारं अक्षर हवं. पुढे 'अच्छे लग रहे' ला ओठ उघडे, तिथे मिटणारं अक्षर आलं की पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते कळत नाही, पण काहीतरी खोटं वाटतं. तेलुगूचं 'एमंडी' देवाने पाठवल्यासारखं बसलं, म वर म. पण पुढे 'छान दिसता'साठीच्या 'बागुन्नारु'तला ब उघड्या ओठांवर आला. काकूंना दुसरा शब्द सुचवला तर त्या म्हणाल्या, तो बायकांना म्हणतात, म्हाताऱ्याला नाही. शेवटी संघपालने वाक्य केसभर पुढे सरकवलं, पडद्यावरची बाई मान किंचित वळवते त्या जागी ब नेऊन ठेवला आणि स्वतःवरच खूश झाला. ओडियाचं वाक्य आखूड पडत होतं. वहिनींनी घाई न करता मध्ये एक श्वास घेतला आणि तो श्वासच इतका मायेचा निघाला की मनालीने तो मुद्दाम ठेवायला सांगितला. रत्नाबाई पहिल्या फटक्यात पास.

राहिली मराठी. अट वाकवून नागपूरच्या एका नटीला बोलावून पाहिलं, तर तिच्या तोंडी वऱ्हाडातली, झाडीतली बोली म्हणजे गॅदरिंगमधलं सोंग वाटायचं. तेव्हा संघपाल म्हणाला, "ताई, काखेत कळसा अन्‌ तुम्ही नागपूर शोधून राहिल्या. काकूले आणा ना."

काकू म्हणजे जानकीबाई. विणकरांच्या आळीत उभं आयुष्य गेलेलं, कांड्या भरता भरता शेजारणींच्या नकला करून मागावरच्या बायकांना हसवणारी बाई. आवाज खणखणीत, जीभ चालती. रंजिताने विचारलं तेव्हा आधी त्या नाही नाही म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी ठेवणीतलं पातळ नेसून तयार होत्या. आवाजाच्या कामाला पातळ कशाला, असं रंजिता म्हणणार होती, पण आईच्या चेहऱ्यावरचा उत्साह पाहून गप्प बसली. कितीतरी वर्षांत आई घराबाहेर कशासाठी तरी अशी निघाली नव्हती.

मराठी वाक्य रंजिताने स्वतः बसवलं होतं. मिटणाऱ्या म खाली 'अवो'तला व, ओठ दाताला टेकतात तेवढ्यावर निभतं. मग 'बेस दिसता' म्हणायचं मनात होतं, पण त्यातला ब नडला, म्हणून 'छान'. आणि हिंदीच्या शेवटच्या 'हो'ला ओठ गोल होतात तिथे आपला मराठी 'हो'च चपखल. "अवो, आज छान दिसून राहिले हो." लांबी तीच आणि ओठही तेच, शिवाय ऐकायला वैनगंगेकाठचं. रंजिता त्या वाक्यावर बेहद्द खूश होती.

जानकीबाईंना कामाची रीत लगेच कळली. कानात तीन टिक वाजतात आणि चौथी वाजायला हवी तिथे आपण बोलायचं. पहिल्या दोन हाका त्यांनी अशा मारल्या की खालच्या दुकानदाराने मान वर करून माडीकडे पाहिलं. संघपाल खुर्चीत उडाला. दोन्ही एका टेकमध्ये मंजूर.

मग तिसरी.

तिसरी येईना. शब्द बरोबर होते, वेळही बरोबर, ओठ तर नेमके बसत होते. पण "अवो, आज छान दिसून राहिले हो" हे असं यायचं की जणू नवऱ्याने सणाचे कपडे चिखलात घालून आणलेत. रंजिता म्हणाली, आई, जरा हळू. जानकीबाई हळू म्हणायच्या, म्हणजे आवाज कमी व्हायचा, पण त्यातली धार तशीच. पुन्हा घेतलं, पाणी पाजलं, बसवून घेतलं, डोळे मिटून घेतलं. रंजिताने स्वतः म्हणून दाखवलं, तर जानकीबाईंनी मुलीची हुबेहूब नक्कल केली, पण ती नक्कलच झाली. दुपार कलली तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्या दिवशीचा सगळ्यात बरा टेक मनालीला पाठवला, आणि तिचं उत्तर आलं की पहिल्या दोन हाका लाजवाब, तिसरी मात्र खेकसल्यासारखी वाटते. उद्यापर्यंत नाही जमलं तर तिन्ही हाका नागपूरच्याच बाईकडून घेऊन टाक, क्लायंट थांबणार नाही.

उत्तर जानकीबाईंसमोरच वाचलं गेलं. त्यांनी पातळाचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मले आता तसं बोलता येत नाही बाई. सवय गेली."

सवय कशाने गेली हे विचारायची गरज नव्हती, तरी रंजिताला ते घरी जाईपर्यंत उमगलं नाही. संध्याकाळी ती नेहमीसारखी ओट्यावर बसली आणि आज पहिल्यांदा तिने घर नुसतं ऐकलं. वडील, मधुकरराव, हातमागावर सुरुवात करून पुढे यंत्रमागाच्या शेडमध्ये उमेद घालवलेला माणूस. त्या खटखटाटाने त्यांचे कान नेले. एकदम नेले असते तर निदान कळलं तरी असतं, पण ते हळूहळू गेले. आवाज पोचायचा आणि शब्द पोचायचे नाहीत, त्यामुळे त्यांचं म्हणणं असं की मी बहिरा नाही, तुम्ही लोकच तोंडातल्या तोंडात पुटपुटता. तपासणीला न्यायचा प्रयत्न दोनदा झाला. दोन्ही वेळा ते दवाखान्याच्या पायरीवरून परत फिरले होते. रंजिता दुसऱ्यांचं यंत्र विकायला मदत करत होती आणि घरी तिचा बाप ते यंत्र हातात धरायला तयार नव्हता.

ओट्यावरून तिला आईचा आवाज ऐकू येत होता. "जेवाले चला!" "नळ आला!" "बिल भरलं का!" "गोळी घ्या!" सगळं ओरडून, सगळं शेजारच्या घरापर्यंत जाणारं. त्यातलं एकही वाक्य रागाचं नव्हतं आणि एकही प्रेमाचं नव्हतं. मध्येच जानकीबाई ताट मांडताना थांबल्या. नवऱ्याकडे पाहून काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, मग हात हलवून जाऊ दे म्हटल्यासारखं केलं आणि भात वाढला. काय सांगायचं होतं कोण जाणे. आज माडीवर काय झालं तेही असेल. ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून राहून गेलं. असं किती वर्षं आणि काय काय राहून गेलं असेल? रंजिताला स्वतःची शरम वाटली. लोकांच्या आवाजातली खोट श्वासावरून ओळखणारी बाई, आणि आपल्या घरातला एक अख्खा आवाज नाहीसा झाला ते तिला कळलं नव्हतं.

सकाळी ती आईला पुन्हा घेऊन गेली. जानकीबाई आज साध्या लुगड्यात होत्या आणि त्यांनी आधीच हार मानलेली. रंजिताने तिन्ही हाका बाजूला ठेवल्या आणि संघपालला हेडफोन बदलायला सांगितले. काल आईने एक कान उघडा ठेवून काम केलं होतं. दोन्ही कान झाकले की समोरचा माणूस दूर गेल्यासारखा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. आणि झाकलेल्या कानात त्यांना फक्त हिंदी बाई ऐकू येत होती, स्वतःचा आवाज नाही.

हा मुंबईत शिकलेला जुना उपाय होता. माणसाला आपला आवाज कानात मोठा ऐकू आला की तो आपोआप खाली उतरतो, आणि ऐकू येईनासा झाला की वर चढतो. कानात गाणी लावून बसलेला पोरगा आईला किती मोठ्याने ओ देतो, ते सगळ्यांनाच माहीत आहे. जानकीबाई आयुष्याचा मोठा काळ न ऐकणाऱ्या माणसाशी बोलत आल्या होत्या. आता रंजिताने त्यांचे दोन्ही कान झाकले, हिंदी बाई बारीक केली आणि आईचाच आवाज त्यांच्या कानात भरपूर वाढवला.

"काही बोल आई," तिने काचेपलीकडून बटण दाबून सांगितलं.

"काय बोलू," जानकीबाई म्हणाल्या, आणि दचकल्या. कानाशी कुणीतरी ओरडलं होतं आणि त्या स्वतःच होत्या. त्यांनी पुन्हा म्हटलं, या वेळी जरा बेताने. मग आणखी बेताने. रंजिता त्यांना आठवड्याच्या बाजाराबद्दल, शेजारच्या मंगलाबाईंबद्दल काहीबाही विचारत राहिली आणि हळूहळू त्या आवाजाच्या कडा बोथट होत गेल्या. माइकच्या जाळीशी त्या आता गुजगोष्ट केल्यासारखं बोलत होत्या. संघपालने रंजिताकडे पाहून भुवया उंचावल्या.

नेमक्या त्याच वेळी जिन्यावर चपला वाजल्या आणि मधुकरराव दारात उभे. बायको सलग दुसऱ्या दिवशी घरात नाही, हे काय चाललंय ते बघायला उन्हातून चालत आले होते. आत येताच त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे साऱ्या बाजारओळीला ऐकू जाईल अशा आवाजात, विचारलं की काय चाललं म्हणून. संघपालने कपाळाला हात लावला. काचेपलीकडे जानकीबाईंचं तोंड पडद्याकडे होतं, कान झाकलेले आणि त्यांत त्यांचंच बोलणं घुमत होतं, त्यांना काही कळलं नाही.

रंजिता पेचात पडली. बाबांना समजावायचं तर ओरडावं लागणार, आणि ओरडलं तर आत्ता कुठे उतरलेला तो आवाज पुन्हा फणा काढणार. हाताने गप्प बसा म्हणावं तर ते रुसून जिना उतरणार. तिने त्यांना खुर्चीत बसवलं आणि दुसरे हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले. त्यात येणारा आईचा आवाज तिने वेगळ्या बटणाने वाढवला, वरच्या पट्टीची धार जास्त दिली, कारण बाबांच्या कानातून गेलेले होते ते तेच बारीक, शब्दांना शब्द करणारे आवाज. यातून फार काही निघेल असं तिच्या मनात नव्हतं. त्यांनी पाच मिनिटं गप्प बसावं एवढीच अपेक्षा. मधुकररावांनी हेडफोन काढायला हात वर नेला आणि तो तिथेच थांबला.

तीन टिक वाजल्या. पडद्यावर ती हिंदी बाई म्हाताऱ्याच्या मागे येऊन उभी राहिली.

"अवो," जानकीबाई म्हणाल्या, "आज छान दिसून राहिले हो."

रंजिताने हा आवाज लहानपणी कधीतरी ऐकला होता. रात्री पोरं झोपल्यावर पलीकडच्या खोलीतून येणारा, शब्द कळू नयेत इतका हळू आणि सगळं ठीक आहे एवढं मात्र सांगणारा. तिचे डोळे भरून आले. वाक्य ओठांवर बसलं की नाही हे बघायचंही तिला सुचलं नाही. ते संघपालने पाहिलं आणि अंगठा दाखवला.

मधुकररावांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली. वरचं बटण लावलं. मग काचेतून आत पाहिलं, बायकोच्या पाठीकडे, आणि मुलीकडे वळून हेडफोनसकट विचारलं. त्यांच्या मते हे हळू होतं. प्रत्यक्षात ते काचेच्या पार गेलं.

"ही इतकी हळू बोलते? मले तं वाटे, ही सदान्‌कदा माह्यावर चिडूनच राहते."

जानकीबाईंनी ते ऐकलं. झाकलेल्या कानांतूनही ऐकलं, कारण आता कानात दुसरं काही नव्हतं आणि तो आवाज त्यांना भिंतीपलीकडूनही ओळखता यायचा. त्या वळल्या. नवरा कानाला काळे हेडफोन लावून, बटण लावून, शाळेतल्या पोरासारखा खुर्चीत बसलेला त्यांना दिसला, आणि आपण आत्ता जे म्हटलं ते कुणी ऐकलं हे त्यांच्या ध्यानात आलं. पदर तोंडाशी गेला. रंजिताला वाटलं, आता ही खोलीतून बाहेर येईल आणि संपलं.

त्या बाहेर आल्या नाहीत. माइकसमोरच उभ्या राहिल्या, आणि पदराआडून, त्याच हळू आवाजात, जो आता त्यांच्या स्वतःच्या कानात मोठा घुमत होता, म्हणाल्या,

"चिडू नाही तं काय करू? चिडून बोललेलंच तेवढं तुमाले ऐकू येते. बाकीचं काय बोंबलून सांगाचं असते?"

मधुकररावांना शब्द न्‌ शब्द पोचला. त्यांच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं. कुणी त्यांच्यावर ओरडत नव्हतं आणि तरी ऐकू येत होतं, याची त्यांना सवय नव्हती. इतकी वर्षं त्यांनी मनातल्या मनात बायकोचा राग सोसला होता, आणि तो राग तिथे कधी नव्हताच. जानकीबाईंनी इतकी वर्षं या माणसाला काही ऐकायचंच नाही असं धरलं होतं. दोघांचंही चुकलं होतं. एकमेकांचं नीट ऐकून घ्यायची सोयच नव्हती, तर चूक दाखवणार कोण?

संघपालने खाली पाहत विचारलं, हे बोलणं रेकॉर्ड झालं आहे, पुसायचं का? रंजिता म्हणाली, पुसून टाक, हे जाहिरातीतलं नाही. त्याआधीचा टेक तेवढा नीट ठेवला. तोच पुढे मंजूर झाला आणि नागपूर, चंद्रपूर, गोंदिया, सगळीकडे वाजला. मनालीने विचारलं होतं की एका रात्रीत काय जादू केलीस. 

पण ते नंतरचं. त्या घडीला काम संपलं होतं आणि कुणीच जागचं हललं नव्हतं. मधुकररावांनी हेडफोन काढले नाहीत. मुलीच्या दंडाला हात लावून, आवाज शक्य तितका खाली आणून ते म्हणाले, "तिले म्हण, आणखी एकदा."

रंजिताने बटण दाबलं. "आई, अजून एक टेक."

"काहून? चुकलं का?"

"नाही. काही चुकलं नाही."

जानकीबाईंनी काचेतून पाहिलं आणि त्यांना समजलं. त्यांनी टिक वाजायची वाट पाहिली नाही. पडद्यावर काय चाललंय तिकडे पाठ केली, काचेकडे तोंड केलं, पदर खाली घेतला. ठरलेलं वाक्य त्यांनी म्हटलंच नाही.

"अवो," त्या म्हणाल्या, "इतक्या उन्हातून आले. पाणी तरी पेले का?"

"नाही," मधुकरराव म्हणाले, आणि पुढचं ऐकायला तसेच बसून राहिले.